आईबाबांना एसआयपी समजावायची आहे: आमराईच्या वाट्यांची गोष्ट पुरेल का?

सावली_चिपळूण

नमस्कार. दर महिन्याला ५००० रुपयांची एसआयपी सुरू करते आहे, निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात. घरी सांगितल्याशिवाय करायचं नाही असं ठरवलंय. बाबा ६१ वर्षांचे, आई ५७ ची. आईचं म्हणणं, "पोस्टात आरडी टाक, पुस्तकावर शिक्का तरी दिसतो." बाबांचे पैसे पूर्वी युनिट ६४ या म्युच्युअल फंड योजनेत अडकले होते, त्यामुळे म्युच्युअल फंड हा शब्द काढला की ते उठूनच जातात.

मला आकडेमोड दाखवायची नाही. एकच साधी गोष्ट हवी आहे, जी दोघांना पटकन कळेल. आणि त्यात धोकाही खरा खरा आला पाहिजे. उद्या भाव पडला तर "तू हे सांगितलं नव्हतंस" असं मला ऐकायचं नाही. कुणी अशी गोष्ट सांगितली आहे का?

घाटमाथा

सोपं आहे. त्यांना सांगा की एसआयपीत तोटा होत नाही. बाजार पडला की त्याच ५००० मध्ये जास्त युनिट मिळतात, चढला की कमी. सरासरी आपोआप निघते. कांद्याचं उदाहरण द्या: भाव २० असेल तर १०० रुपयांत ५ किलो, ५० असेल तर २ किलो. आईला लगेच कळेल.

कलमबाग

घाटमाथा, पहिला भाग बरोबर आहे, पण "तोटा होत नाही" हे वाक्य कृपया कुणाच्या आईवडिलांना सांगू नका. ते चूक आहे, आणि ज्या दिवशी ते चूक ठरेल त्या दिवशी बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जाईल. कांदाही नको. कांदा खाऊन संपतो, इथे घेतलेलं साठत जातं आणि शेवटी विकायचं असतं. चिपळूणचं घर आहे म्हणून आमराई सुचवतो.

गोष्ट अशी. गावात हापूसची मोठी आमराई आहे. एकट्याने घेणं कुणालाच परवडत नाही, म्हणून तिचे हजारो वाटे पाडलेत. वाटा घेतला की कलमांचा आणि फळाचा तेवढा हिस्सा तुमचा. वाट्याचा भाव रोज बदलतो. मोहोर चांगला आला की लोक जास्त भाव देतात. अवकाळी पाऊस झाला, तुडतुडा पडला की तोच वाटा कमी भावात मिळतो. तुम्ही ठरवलंय की दर महिन्याच्या ५ तारखेला १००० रुपयांचे वाटे घ्यायचे, भाव काहीही असो.

पाच महिने धरा. भाव १००, ८०, ५०, ८०, १००. तुम्हाला मिळाले १०, साडेबारा, २०, साडेबारा आणि १०. एकूण ६५ वाटे, खर्च ५०००. आज भाव १००, म्हणजे ६५०० रुपये. इथवर सगळे सांगतात आणि इथेच थांबतात.

आता त्याच आमराईची दुसरी बाजू सांगा. भाव १००, १२५, २००, १२५, १००. वाटे मिळाले १०, ८, ५, ८, १०. एकूण ४१. खर्च तोच ५०००. भाव १०० वरून सुरू झाला, १०० वरच आला, तरी हातात ४१००. ९०० रुपये गेले. हप्ता एकही चुकला नाही, शिस्त पूर्ण पाळली, आणि तरीही तोटा.

दोन्ही कागदावर शेजारी शेजारी लिहून बाबांच्या हातात द्या, बेरीज त्यांनाच करू द्या. सरासरीने काय होतं आणि काय होत नाही हे त्यांना त्यातच दिसेल. तुम्ही जास्त वाटे कधी घेतले आणि शेवटी विकताना भाव कुठे होता, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं.

घाटमाथा

दुसरं उदाहरण मी कधी करून पाहिलं नव्हतं. आत्ता वहीत मांडलं, ४१ च येतात. "तोटा होत नाही" मागे घेतो. पण दीर्घकाळात तरी होत नाही ना?

शरदकाका_सातारा

माझा स्पष्ट सल्ला, ६१ व्या वर्षी या भानगडीत पडू नये. निवृत्तीचे पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावेत, तिमाहीला व्याज खात्यात येतं. बाबांना बाजारात ओढू नका, ताई.

सावली_चिपळूण

काका, पैसे माझ्या पगारातले आहेत, एसआयपी माझ्याच नावावर. आईबाबांचा एक रुपयाही जाणार नाही. त्यांना फक्त समजावून सांगायचं आहे.

कलमबाग, कागद केला. बाबा बेरीज करत बसले हे खरं, पण पुढे म्हणाले, "वाटे कागदावरच ना? युनिट ६४ चेही कागदच होते." याला काय उत्तर द्यावं?

शरदकाका_सातारा

मग ठीक आहे. मी प्रश्न उलटा वाचला. तरी त्यांना हे वेगळं आणि पहिल्यांदा सांगा. बऱ्याच आईवडिलांना वाटतं की आज मुलगी विचारते आहे, उद्या आपली मुदत ठेव मोडायला लावेल.

जुनी_पासबुकं

युनिट ६४ वर मी बोलतो, कारण बाबांची शंका रास्त आहे आणि "ते जुनं झालं" म्हणून टाळली तर ते पुढचं ऐकणार नाहीत.

ती योजना १९६४ ची. तिच्या खरेदी-विक्रीचे भाव संस्था स्वतः जाहीर करायची. योजनेकडच्या शेअर आणि रोख्यांची त्या दिवशीची खरी किंमत किती, याच्याशी तो भाव बांधलेला नव्हता. आमराईच्याच भाषेत सांगायचं तर, बागेत कलमं वाळत होती आणि दारावरच्या पाटीवर वाट्याचा भाव जुनाच लिहिलेला होता. मोठे लोक त्या चढ्या भावाने वाटे विकून बाहेर पडले, आणि जुलै २००१ मध्ये खरेदी-विक्रीच थांबवली गेली. बाबांसारखे लाखो लोक आत अडकले.

आज फरक पडलाय तो पाटीत. फंडाकडे जे काही आहे त्याची त्या दिवशीच्या बाजारभावाने बेरीज करून, खर्च वजा करून, रोज रात्री एका युनिटचा भाव जाहीर करावा लागतो. कलम वाळलं तर पाटीवरचा भाव त्याच संध्याकाळी उतरतो. शिवाय शेअर फंड कंपनीच्या कपाटात नसतात, वेगळ्या संस्थेच्या ताब्यात असतात. तुमच्या युनिटची नोंद तिसरीकडे, निबंधक संस्थेकडे असते. बाबांना सातबारा म्हणा. बागेचा मुकादम बदलला, पळाला, तरी सातबाऱ्यावरचं नाव तसंच राहतं.

पण "आता असं कधीच होणार नाही" असंही म्हणू नका. एप्रिल २०२० मध्ये एका फंड कंपनीने सहा कर्जरोखे योजना अचानक बंद केल्या. लोकांचे पैसे अडकले आणि पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाले. कारण वेगळं होतं: त्यांच्याकडचे रोखे पटकन विकले जाण्यासारखे नव्हते. निफ्टीतल्या ५० कंपन्यांचे शेअर रोज मोठ्या प्रमाणात विकले जातात, म्हणून इंडेक्स फंडात ती अडचण फारच कमी. भाव कोसळण्याचा धोका मात्र पूर्ण आहे. बाबांना हे दोन धोके वेगवेगळे करून सांगा. पैसे अडकणं वेगळं, पैसे कमी होणं वेगळं.

मीनल_व

आमराई बाबांसाठी छान आहे, आईसाठी मला जड वाटते. आईला गुंजभर सोनं सांगा. गुरुपुष्याला जमेल तेवढं सोनं घेणारी घरं आपल्याकडे आहेतच. ठरलेल्या रकमेत कधी जास्त ग्रॅम, कधी कमी. ग्रॅम मोजायचे, भाव नाही. त्या बायकांना एसआयपी शब्दाशिवाय एसआयपी येते.

कलमबाग

मीनलताई, "भाव नाही, ग्रॅम मोजायचे" हे फार चांगलं आहे, ते आमराईत उचलतो: वाटे मोजायचे. पण सोन्याने एक गोष्ट निसटते. सोनं कपाटात ठेवलं तर दहा वर्षांनीही तेवढंच असतं. आमराईला फळ येतं. कंपन्या माल विकतात, नफा कमावतात, त्यातून आणखी कलमं लावतात. वाट्याचा भाव दीर्घकाळात का वाढावा याचं कारण तिथे आहे, आणि का वाढू नये याचंही. फळच आलं नाही तर भाव कशाच्या जिवावर वाढणार?

एक दुरुस्ती मात्र गोष्टीतच करून घ्या. वाटा म्हटलं की दरवर्षी पेटी घरी येईल असं बाबांना वाटेल. ग्रोथ पर्यायात पेटी येत नाही. फळाचे पैसे बागेतच राहतात आणि वाट्याच्या भावात दिसतात. आणि बाग एकच असेल तर एका वादळात सगळं गेलं, म्हणून "५० बागांमधला एकेक लहान वाटा" म्हणा.

मीनल_व

तरी मी आईंना सोन्यानेच सुरुवात करेन. आमराई दुसऱ्या दिवशी.

कलमबाग

घाटमाथांचा प्रश्न राहिला: दीर्घकाळात तरी तोटा होत नाही ना. सावलीताईंनी मागितलेली प्रामाणिक टीप इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोकांना वाटतं की जोखीम सुरुवातीला असते आणि वर्षं गेली की कमी होते. एसआयपीत रुपयांचा हिशेब उलटा चालतो. मार्च २०२० घ्या. निफ्टी जानेवारीतल्या शिखरावरून २३ मार्चपर्यंत साधारण ३८ टक्के खाली आला. आता ५००० ची एसआयपी करणारे दोघे जण धरा. पहिल्याचं एकच वर्ष झालंय, जमा ६० हजार. सोयीसाठी किंमतही तेवढीच धरू. ३८ टक्के गेले, म्हणजे २२,८०० रुपयांची घट. वाईट वाटेल, पण पुढचे हप्ते स्वस्तात पडतील आणि त्याचा फायदा मोठा होईल, कारण त्याचे बहुतेक वाटे अजून घ्यायचेच आहेत.

दुसऱ्याला दहा वर्षं झालीत. भरले ६ लाख, किंमत समजा ११ लाख झाली होती. तीच ३८ टक्के घट म्हणजे ४ लाख १८ हजार. उरले ६ लाख ८२ हजार. दहा वर्षं एकही हप्ता न चुकवता फक्त ८२ हजार वर. तेच ५००० दहा वर्षं आरडीत साडेसहा टक्क्यांनी टाकले असते तर साधारण ८ लाख ४० हजार झाले असते. त्या दिवशी आईचं पोस्ट पुढे होतं. आणि या दुसऱ्या माणसाला सरासरी वाचवत नाही, कारण ६ लाख ८२ हजारांच्या ढिगात नवा ५००० चा हप्ता एक टक्काही भरत नाही. स्वस्तात घेतलेल्या चार वाट्यांनी त्या ढिगाची सरासरी हलत नाही.

त्या वेळी नोव्हेंबर २०२० मध्येच निफ्टी जुन्या शिखराच्या वर गेला. पण २००८ ला तसं झालं नव्हतं. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या आसपास होता, मार्च २००९ पर्यंत सव्वाआठ हजारांच्या खाली गेला, आणि जुनी पातळी नीट पार व्हायला २०१३ उजाडलं. ज्याला २००९ मध्ये मुलीचं लग्न काढायचं होतं त्याला २०१३ चा काय उपयोग?

म्हणून प्रामाणिक टीप एवढीच नसते की "चढउतार होतात". टीप अशी की पैसे लागण्याच्या जवळ आल्यावर झालेली पडझड सगळ्यात महाग पडते. तिच्यावर उपाय आहे, पण तो आपोआप होत नाही. पैसे लागायच्या तीनेक वर्षं आधीपासून दर काही महिन्यांनी थोडे वाटे विकून ती रक्कम मुदत ठेवीत हलवायची. त्यात पुढची वाढ थोडी हुकते, हेही सांगून ठेवा.

घाटमाथा

म्हणजे दहा वर्षांनी लागणाऱ्या पैशांसाठी प्रत्यक्षात सातच वर्षं पूर्ण आमराईत.

कलमबाग

बरोबर. तीन की पाच याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. तारीख हलवता येत नसेल, जसं कॉलेजची फी, तर मी पाचकडे झुकेन.

रोहा_लोकल

माझं वेगळंच झालं, इथे उपयोगी पडेल म्हणून सांगतो. हप्त्याची तारीख १ होती आणि पगार कधी ३० ला, कधी ३ ला. तीन महिने लागोपाठ खात्यात पैसे नव्हते. फंडाने दंड घेतला नाही, पण बँकेने प्रत्येक वेळी हप्ता न वटल्याचं शुल्क कापलं आणि तिसऱ्यानंतर एसआयपीच बंद झाली. मला वाटत होतं चालू आहे. वडिलांनी "तुझे पैसे बुडाले का" विचारलं, तेव्हा खातं उघडून पाहिलं.

जुनी_पासबुकं

आधी घेतलेली युनिट तशीच राहतात, बुडत काही नाही. फक्त पुढचे हप्ते थांबतात. पगारानंतर पाच-सहा दिवसांनीची तारीख घ्यावी. महिन्यातली कुठली तारीख "लाभते" याच्या मागे लागू नये.

आणि सावली, आईंना शिक्का हवाय ना? पहिल्या हप्त्याचं विवरणपत्र छापून द्या आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचा. ते साधारण असं दिसतं: रक्कम ५०००, त्यातून मुद्रांक शुल्क २५ पैसे, म्हणजे गुंतले ४९९९ रुपये ७५ पैसे. त्या दिवशीचा युनिटचा भाव समजा ४८.१२३०. भागाकार केला की १०३.८९५ युनिट. बाबा कॅल्क्युलेटर घेऊन ताळा करतील, करू द्या. दर महिन्याला युनिटचा आकडा वाढलेला दिसेल. तुम्ही विकल्याशिवाय तो कमी होत नाही. कमी-जास्त होते ती शेजारची किंमत. आईंना मीनलताईंचं वाक्य सांगा, ग्रॅम मोजायचे.

मोबाइलवरचं ॲप मात्र दोघांना दाखवू नका असं माझं मत आहे. तिथे रोजचा हिरवा-लाल आकडा दिसतो आणि जेवताना चर्चा त्याचीच होते.

मीनल_व

याच्याशी मी सहमत नाही. लपवलं की संशय वाढतो. दाखवावं, पण युनिटचा रकाना आधी.

शरदकाका_सातारा

मुकादमाच्या मजुरीचं, म्हणजे फंड कंपनी घेते त्या खर्चाचं, कुणी बोललं नाही. फळ येवो न येवो, तो आपले पैसे घेतोच. सावलीताई, डायरेक्ट योजना घेताय की एजंटमार्फत?

सावली_चिपळूण

डायरेक्ट, काका.

कलमबाग

काकांचा मुद्दा गोष्टीत हवाच. मजुरी वेगळी मागितली जात नाही, रोजच्या भावातूनच वजा होते, म्हणून दिसत नाही. ११ लाखांवर वर्षाला १ टक्का म्हणजे ११ हजार, आणि तोट्याच्या वर्षीही तो टक्का कापला जातोच. इंडेक्स फंडात डायरेक्ट योजनेची मजुरी त्याच्या बरीच खाली असते. फंडाच्या माहितीपत्रकात तो टक्का लिहिलेला असतो, बाबांना तो बोट ठेवून दाखवा.

आईबाबांना द्यायचा कागद लिहून ठेवला होता, हवा तसा बदला:

"हे पैसे माझ्या पगारातले आहेत. तुमच्या ठेवींना मी हात लावणार नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा ठेवला आहे, त्यामुळे अडचण आली तरी पडत्या भावात वाटे विकावे लागणार नाहीत. ही आरडी नाही. व्याज ठरलेलं नाही, मुद्दलाची हमी नाही, बँकेतल्या ठेवीला असतो तसा विमाही नाही. कुठल्याही वर्षी किंमत तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्याने कमी दिसू शकते, आणि वर यायला काही महिने किंवा पाच-सहा वर्षंही लागू शकतात. दहा वर्षांनीही आरडीपेक्षा कमी मिळण्याची शक्यता आहे. ही शक्यता मान्य करून मी घेते आहे, कारण मला हे पैसे २०४० च्या आधी लागणार नाहीत. २०३६ पासून मी थोडे थोडे काढून ठेवीत टाकेन. नामनिर्देशन आईच्या नावे आहे. विवरणपत्रं लोखंडी कपाटातल्या निळ्या फाइलीत आहेत."

सावली_चिपळूण

कागद रात्री वाचून दाखवला. "हमी नाही" या ओळीवर बाबा थांबले. म्हणाले, "हे कुणी लिहून दिलं नव्हतं तेव्हा." मग कितीतरी वेळ प्रश्न विचारत होते. उठून गेले नाहीत.

एक प्रश्न मला सोडवता आला नाही. बाबा विचारतात, "आमराई १०० वरून ६० वर आली आणि वीस वर्षं तिथेच राहिली तर?"

घाटमाथा

भारतात असं होणार नाही. लोकसंख्या तरुण आहे.

कलमबाग

होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. जपानमध्ये झालंय. त्यांचा निक्केई डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९१५ वर होता, तो आकडा पुन्हा पार झाला फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षं. सगळे पैसे १९८९ ला एकदम टाकणाऱ्याची आणि दर महिन्याला टाकत राहिलेल्याची अवस्था सारखी नव्हती, दुसऱ्याने वर्षानुवर्षं स्वस्तात वाटे घेतले. पण त्यालाही मधली कित्येक वर्षं समोर तोटाच दिसत होता. बाबांना हे असंच सांगा. आणि यासाठीच सगळा पगार आमराईत टाकायचा नाही, पीपीएफसारखं काहीतरी शेजारी चालू ठेवायचं. किती कुठे, यावर या धाग्यात एकमत होणार नाही.

शरदकाका_सातारा

माझ्या मते निम्मं-निम्मं.

मीनल_व

सावलीचं वय कळल्याशिवाय निम्मं कसं ठरवणार, काका? आणि आई काय म्हणाल्या ते राहिलंच.

सावली_चिपळूण

वय २७. आई म्हणाली, आरडी २००० ची चालू ठेव, मग यात ३००० टाक. तसंच करते आहे. तारीख ७ घेतली, पगार १ ला होतो. पहिलं विवरणपत्र आलं की भागाकाराचा ताळा बाबा करणार आहेत.